रत्नागिरी ११२२, मुंबई ८३२ : जनगणनेच्या आकड्यांवरून जिल्ह्यांची तुलना कशी करावी?

शेवरी_७

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात भिंतीवर लावायला एक तक्ता करायचा आहे. २०११ च्या जनगणनेतून पाच जिल्ह्यांचे तीन-तीन आकडे घेतले आहेत. क्रम असा : साक्षरता (टक्के), दर हजार पुरुषांमागे स्त्रिया, दर चौरस किलोमीटरला माणसं.

रत्नागिरी : ८२.१८, ११२२, १९७
सिंधुदुर्ग : ८५.५६, १०३६, १६३
मुंबई शहर : ८९.२१, ८३२, १९,६५२
मुंबई उपनगर : ८९.९१, ८६०, २०,९८०
गडचिरोली : ७४.३६, ९८२, ७४

प्रश्न तीन आहेत. ११२२ म्हणजे रत्नागिरीत स्त्रियांची स्थिती सर्वात चांगली, असं लिहिता येईल का? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून एक आकडा हवा असेल तर सरासरी काढली तर चालेल का? आणि तिन्ही निकषांवरून जिल्ह्यांना पहिला, दुसरा असे क्रमांक देता येतील का? जाणकारांनी सविस्तर लिहावं, बघणाऱ्यांत शाळेतली मुलंही असतील.

कोकणकडा

लिहा बिनधास्त. कोकणात मुलगी झाली म्हणून कोणी तोंड पाडत नाही. राज्याचा आकडा ९२९ आणि आमचा ११२२, आणखी काय पुरावा पाहिजे?

आकडेमोड

कोकणकडा, पहिलं वाक्य खरं असू शकेल, पण ११२२ हा त्याचा पुरावा नव्हे. फोड करून बघा. २०११ ला रत्नागिरीत स्त्रिया ८,५३,९४८ आणि पुरुष ७,६१,१२१. भागून हजाराने गुणलं की ११२२ येतात. स्त्रिया ९२,८२७ ने जास्त. या ब्याण्णव हजार स्त्रिया जास्त जन्मल्या असं कुठल्याच समाजात होत नाही. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारामागे ९५० च्या आसपास मुली. त्यामुळे एखाद्या जिल्ह्याचं एकूण प्रमाण हजाराच्या बरंच वर गेलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की पुरुष गेले कुठे?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे. चाकरमानी. जनगणना माणसाला मूळ गावी मोजत नाही, राहत्या ठिकाणी मोजते. गावात घर आहे, रेशनकार्डावर नाव आहे, गणपतीला येतो, पण राहतो विरारला. तर तो विरारलाच मोजला जातो. म्हणून रत्नागिरीच्या छेदातून तो वजा होतो आणि मुंबई-ठाण्याच्या छेदात मिळवला जातो. एकाच स्थलांतराने एक आकडा वर जातो आणि दुसरा खाली येतो.

आता तुमच्या तक्त्यातले कोकण आणि मुंबईचे चार जिल्हे एकत्र करा. स्त्रिया ७०,१२,७०९, पुरुष ७८,९४,३८४. प्रमाण आलं ८८८. म्हणजे कोकणातल्या जादा स्त्रिया मिळवूनही मुंबईची तूट भरून निघत नाही. कारण साधं आहे. दोन्ही मुंबई जिल्ह्यांत मिळून स्त्रिया पुरुषांपेक्षा पावणेदहा लाखांहून जास्त कमी आहेत, आणि दोन्ही कोकणी जिल्ह्यांतलं आधिक्य आहे जेमतेम १,०७,८१४. मुंबईत पुरुष साऱ्या देशातून येतात.

मुलींबद्दल बोलायचं असेल तर शून्य ते सहा वयाचं प्रमाण घ्या. सहा वर्षांचा मुलगा एकटा नोकरीला जात नाही, गेला तर आईबापांबरोबर बहिणीसकट जातो. त्यामुळे स्थलांतराचा हात त्या आकड्याला फारसा लागत नाही.

सोनचाफा

म्हणजे होळीच्या आठवड्यात जनगणना घेतली असती तर रत्नागिरी एकदम हजाराच्या खाली! :-)

आकडेमोड

हसण्यावारी नेलंत, पण तारखेचा मुद्दा खराच महत्त्वाचा. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, १ ते ५ मार्च पुन्हा फेरी, आणि आकडे धरले १ मार्चच्या मध्यरात्री शून्य वाजताचे. नियम असा, की त्या काळात माणूस आपल्या नेहमीच्या राहत्या जागी थोडा वेळ जरी असला तर तिथेच मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असेल, तर जिथे सापडेल तिथे. शिमग्याला दोन-चार दिवस आलेला चाकरमानी त्यामुळे मुंबईचाच राहिला असता.

सिंदफणा

मग आमच्या बीडवर अन्याय झाला म्हणायचा. २०११ ला बीडचं शून्य ते सहाचं प्रमाण ८०७, राज्यात सगळ्यात वाईट म्हणून नाव गाजलं. पण फेब्रुवारीत निम्मा जिल्हा ऊसतोडीला गेलेला असतो. माणसंच गावात नव्हती तर आकडा बरोबर कसा येणार?

आकडेमोड

फेब्रुवारीत हंगाम जोरात असतो, हे बरोबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलेल्या टोळ्या तेव्हा सातारा, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात असतात. वर सांगितलेल्या नियमाने ती माणसं तिथल्या तळावर मोजली जायला हवीत. बीडच्या एकूण लोकसंख्येवर आणि घनतेवर याचा परिणाम होतो, ते मान्य.

पण बाल लिंग गुणोत्तराला हे कारण लावता येत नाही. तोडीला कोयता जातो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि तान्ही-लहान मुलं बरोबर. मुलगे तेवढे घरी ठेवले आणि मुली तेवढ्या नेल्या असं मोठ्या प्रमाणावर झालं, तरच ८०७ हा आकडा फसवा ठरेल. तसं होत नाही. शिवाय २००१ ची मोजणीही फेब्रुवारीतच झाली होती आणि तेव्हाही टोळ्या बाहेरच होत्या. त्या वेळी बीडचा हाच आकडा ८९४ होता. हंगाम तोच, पद्धत तीच आणि दहा वर्षांत ८७ ची घसरण. ही घसरण गर्भातल्या निवडीची आहे.

मंजिरी_ल

सिंदफणांचं सगळंच उडवून लावू नका. तळावरच्या कोप्यांत प्रगणक खरोखर पोचले का, हा प्रश्न उरतोच. ज्या गावाच्या शिवारात तळ पडला, त्या गावच्या प्रगणकाकडे घरयादी असते आदल्या उन्हाळ्यातली, आणि तेव्हा कोप्या नव्हत्याच. यादीत घर नाही तिथे माणसं सुटण्याची शक्यता जास्त. मुलगे-मुली सारखेच सुटले तर प्रमाण बिघडणार नाही हे बरोबर, पण बीडची आणि तळ पडलेल्या तालुक्यांची लोकसंख्या कितीने चुकली ते या तक्त्यांतून कळायला मार्ग नाही.

आकडेमोड

मंजिरीताई, हे मान्य. जनगणनेनंतर सुटलेल्यांचा अंदाज घ्यायला नमुना पाहणी होते, पण ती जिल्ह्याच्या पातळीवर काही सांगत नाही.

आणखी एक. बीडसाठी काही ठिकाणी ८०१ दिसेल, काही ठिकाणी ८०७. दोन्ही २०११ चेच. पहिला आकडा मार्च-एप्रिल २०११ मध्ये जाहीर झालेला तात्पुरता, दुसरा अंतिम. राज्याचं बाल लिंग गुणोत्तरही आधी ८८३ होतं, अंतिम ८९४ झालं. भारताची साक्षरता आधी ७४.०४, अंतिम ७२.९९. एका जिल्ह्याचा तात्पुरता आणि दुसऱ्याचा अंतिम आकडा शेजारी ठेवलात, तर जो फरक दिसेल तो त्या दोन यादींमधला असू शकतो. जुन्या वर्तमानपत्रांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतून हे तात्पुरते आकडे अजून फिरत आहेत.

दर्शना_पी

साक्षरतेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. जिल्ह्याचा तयार टक्का उतरवून घेण्यापेक्षा स्वतः काढून बघा, म्हणजे कुठे घसरायला होतं ते कळतं. censusindia.gov.in वर `Primary Census Abstract` ची एक्सेल फाइल मिळते. त्यातले कामाचे रकाने आणि सूत्रं ही :

```
साक्षरता      = P_LIT / (TOT_P - P_06) * 100
लिंग गुणोत्तर  = TOT_F / TOT_M * 1000
बाल गुणोत्तर   = F_06 / M_06 * 1000
```

छेदातून शून्य ते सहाची मुलं वजा करायची, कारण १९९१ पासून सात वर्षं आणि त्यावरच्यांचीच साक्षरता मोजली जाते. महाराष्ट्राचं करून दाखवते. लोकसंख्या ११,२३,७४,३३३. त्यातली शून्य ते सहाची १,३३,२६,५१७. उरले ९,९०,४७,८१६. साक्षर ८,१५,५४,२९०. भागाकार ८२.३४ टक्के, जाहीर झालेल्या आकड्याशी जुळतो. मुलं वजा करायची विसरलात तर ७२.५७ येतात. जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक, आणि वर वर पाहता दोन्ही आकडे पटण्यासारखे!

त्याच फाइलमध्ये `P_ILL` नावाचा रकाना आहे. अनेक जण तो आणि `P_LIT` घेतात, बेरीज करतात आणि टक्का काढतात. पण `P_ILL` मध्ये पाळण्यातली बाळंही निरक्षर म्हणून धरलेली आहेत. म्हणजे तुम्ही नकळत ७२.५७ वालाच हिशोब करता.

ही चूक सगळ्या प्रदेशांत सारखी असती तर तुलनेपुरती चालून गेली असती. तशी ती नसते. केरळात लोकसंख्येच्या साधारण १०.४ टक्के मुलं या वयाची, बिहारात १८.४ टक्के. केरळ ९४.०० वरून ८४.२ वर येतं, बिहार ६१.८० वरून ५०.४ वर. जिथे मुलं जास्त तिथे घसरण मोठी. खरं अंतर ३२ टक्क्यांचं असताना तुमच्या तक्त्यात ते ३४ च्या जवळ जातं, आणि बिहारच्या शाळांचा काही दोष नसताना तो त्यांच्या माथी येतो.

नाना_फडके

१९५१ ला देशाची साक्षरता १८.३३ होती आणि २०११ ला ७२.९९. साठ वर्षांत चौपट. हे पण तक्त्यात घ्या, पोरांना हुरूप येईल.

दर्शना_पी

घ्या, पण खाली टीप द्या नाना. १८.३३ हा पाच वर्षांवरच्यांचा आकडा आहे. १९८१ पर्यंत पाच, पुढे सात. वाढ प्रचंड आहे यात शंका नाही, फक्त "चौपट" हा शब्द दोन वेगळ्या छेदांवर उभा आहे.

मोडीवाला

सातवी पास म्हणजे साक्षर ना?

दर्शना_पी

नाही. कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं, एवढंच. शाळेची पायरी चढलेली असण्याची अट नाही. नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही, तर निरक्षर. ब्रेल वाचणारे साक्षर. आणि प्रगणक परीक्षा घेत नाही, घरातला माणूस सांगेल ते लिहितो. म्हणून ८२.१८ आणि ८२.३४ मध्ये फरक शोधत बसू नये. रत्नागिरी आणि राज्य सारखेच आहेत असं लिहावं.

खरं तर हे "सारखेच" कोकणकरांना खटकायला हवं. शाळांची एवढी जुनी परंपरा आणि साक्षरता राज्याच्या सरासरीइतकीच? इथेही चाकरमानी आहे. शिकलेली तरुण मंडळी मुंबईच्या अंशात गेली आणि गावात म्हाताऱ्या आया-आज्या उरल्या, ज्यांच्या काळी मुलींना शाळेत घालत नसत. `C-8` नावाच्या तक्त्यात शिक्षण वयानुसार दिलेलं असतं. त्यातून १५ ते २४ वयाच्या मुलामुलींची साक्षरता काढा आणि जिल्ह्यांची तुलना त्या वयात करा. शाळांचं काम तिथे दिसतं.

कोकणकडा

हे पटलं. माझ्या चुलत आजीला सही येत नव्हती, पण दोन्ही मुलगे पदवीधर, दोघे मुंबईत. म्हणजे आजी रत्नागिरीच्या खात्यात आणि मुलगे मुंबईच्या.

दर्शना_पी

अगदी हेच.

लालबागचा_दादू

२०,९८० घनता म्हणे उपनगराची. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहिली, त्याची घनता काढा की कोणीतरी. शहराची घनता उपनगरापेक्षा कमी कशी? गिरणगावात कधी आला होतात का?

नकाशावाला

दादू, तुम्ही म्हणता ती खोलीतली दाटी. ती या आकड्यात नाहीच. घनतेचा छेद म्हणजे जिल्ह्याची सगळी जमीन, त्यात गोदी, रेल्वेचे यार्ड, मैदानं, छावणी, सगळं आलं. मुंबई शहर १५७ चौरस किलोमीटर आणि माणसं ३०,८५,४११. दक्षिणेकडचा कार्यालयांचा भाग रात्री ओस पडतो आणि तोही छेदात असतो. एका खोलीत किती माणसं, हे बघायचं तर घरयादीच्या तक्त्यांत खोल्यांच्या संख्येनुसार कुटुंबं दिलेली असतात, ते बघा. तुमचा राग योग्य आहे, पण त्याचा आकडा वेगळ्या तक्त्यात आहे.

उपनगराचंही तसंच. ४४६ चौरस किलोमीटरांत राष्ट्रीय उद्यानाचा मोठा तुकडा आहे, जिथे वस्ती अगदी तुरळक. तो वजा केला तर उरलेल्या भागातली दाटी २०,९८० पेक्षा बरीच जास्त निघेल. गडचिरोलीची ७४ सुद्धा अशीच वाचायची. १४,४१२ चौरस किलोमीटरांतली बहुतेक जमीन जंगलाची. माणसं वडसा, आरमोरी, चामोर्शीच्या बाजूला एकवटलेली, दक्षिणेला भामरागडकडे विरळ. संपूर्ण जिल्ह्यात प्रत्येक चौरस किलोमीटरवर ७४ माणसं अशी कुठेच उभी नाहीत.

आता शेवरींचा सरासरीचा प्रश्न. मुद्दाम टोकाचं उदाहरण घेतो. मुंबई शहर १९,६५२ आणि गडचिरोली ७४. बेरीज भागिले दोन केली तर ९,८६३. खरा हिशोब असा : माणसं ३०,८५,४११ अधिक १०,७२,९४२, म्हणजे ४१,५८,३५३. जमीन १५७ अधिक १४,४१२, म्हणजे १४,५६९. भागाकार २८५. नऊ हजार आठशे कुठे आणि दोनशे पंच्याऐंशी कुठे!

गुणोत्तरांची सरासरी कधीच काढू नये. अंशांची बेरीज वेगळी, छेदांची वेगळी, मग एकदाच भागाकार. तुमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात चूक लहान दिसते म्हणून ती सहज सुटते. ११२२ आणि १०३६ ची सरासरी १०७९. खरा आकडा १२,८६,२६७ भागिले ११,७८,४५३, म्हणजे १०९१. रत्नागिरी जवळजवळ दुप्पट मोठा, त्यामुळे खरा आकडा त्याच्याकडे झुकतो.

एक सूचना : `Primary Census Abstract` मध्ये क्षेत्रफळ नसतं, ते `A-1` तक्त्यातून घ्यावं लागतं. आणि `TRU` रकान्यात प्रत्येक जिल्ह्याच्या तीन ओळी असतात, `Total`, `Rural`, `Urban`. गाळणी न लावता बेरीज केली तर लोकसंख्या बरोब्बर दुप्पट येते. प्रमाण आणि टक्के मात्र तेच येतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. क्षेत्रफळाने भागलं की मग घनता दुप्पट दिसते आणि माणूस गोंधळतो.

विक्रमगड_एक्सप्रेस

पालघर जिल्हा यादीत सापडत नाही. काढून टाकला का?

नकाशावाला

तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. २०११ च्या तक्त्यांत तो ठाण्यातच आहे. तेव्हाच्या ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८, क्षेत्र ९,५५८, घनता ११५७. तालुके सुटे करून बेरीज केली की पालघरचे वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड मिळून २९,९०,११६ माणसं, ५,३४४ चौरस किलोमीटर, घनता ५६०. उरलेल्या ठाण्याची घनता १९१५. एकही माणूस हलला नाही आणि ठाण्याची घनता ११५७ वरून १९१५ झाली. पुढच्या जनगणनेनंतर कोणी "ठाण्याची घनता प्रचंड वाढली" असं छापलं, तर आधी हे बघा की जुना आकडा कुठल्या हद्दीचा आहे. पुढच्या मोजणीची तारीख १ मार्च २०२७ आहे.

आणि ५६० वरही थांबू नका. त्यात वसई-विरार आणि मोखाडा एकाच पातेल्यात आहेत. अशा जिल्ह्यासाठी तालुक्याखाली गेल्याशिवाय घनता निरर्थक.

अबोली_म्हापसा

गोव्याची घनता ३९४ आणि महाराष्ट्राची ३६५. आमच्याकडे महाराष्ट्रापेक्षा गर्दी आहे हे ऐकून पाहुण्यांना खरं वाटत नाही.

नकाशावाला

३,७०२ चौरस किलोमीटरांचा गोवा आणि तीन लाखांवर चौरस किलोमीटरांचा महाराष्ट्र, ही जोडी जुळत नाही. गोव्याशेजारी सिंधुदुर्ग ठेवा. किनारा तोच, घाट तोच, आकारही जवळचा : ३९४ आणि १६३. यातून काहीतरी कळतं. तुलना करताना आकार आणि भूगोल जवळचा असलेली जोडी निवडणं हे अर्धं काम आहे.

बे_एरियातला_बाळू

इथल्या एका अहवालात भारताचं लिंग गुणोत्तर १०६ लिहिलंय. दहावा भाग? का छपाईची चूक?

आकडेमोड

चूक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आणि बहुतेक परदेशी तक्त्यांत शंभर स्त्रियांमागे पुरुष मोजतात. आपण हजार पुरुषांमागे स्त्रिया. एक लाखाला आपल्या आकड्याने भागा : १,००,००० भागिले ९४३ म्हणजे १०६. रत्नागिरीचे ११२२ त्या पद्धतीने ८९ होतात. दिशा उलटी होते हे विसरू नका, तिकडे मोठा आकडा म्हणजे स्त्रिया कमी.

सोनचाफा

पण आता तर देशात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया झाल्या ना? मोठी बातमी होती. मग २०११ चे ९४३ कशाला उगाळायचे?

मंजिरी_ल

ती २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. ती निवडक घरांत जाते आणि आदल्या रात्री घरात कोण झोपलं होतं ते लिहिते. कारखान्याच्या खोल्यांत, बांधकामाच्या तळावर, वसतिगृहात, छावणीत झोपलेले पुरुष तिच्या जाळ्यात येत नाहीत. म्हणजे सबंध देशच थोडासा रत्नागिरीसारखा दिसतो. त्याच पाहणीत गेल्या पाच वर्षांतल्या जन्मांचं प्रमाण ९२९ आहे. एका पाहणीतले हे दोन आकडे शेजारी ठेवले की १०२० चं काय करायचं ते कळतं. तिची साक्षरताही जनगणनेशी लावू नका, तिथे १५ ते ४९ वयाचे स्त्री-पुरुष आहेत.

सिंदफणा

आमच्या ग्रामपंचायतीत गेल्या वेळी बाल गुणोत्तर लावलं होतं १३००. गावकऱ्यांचा सत्कार झाला. खरं मानायचं का?

आकडेमोड

गावात त्या वयाची मुलं किती होती, ते आधी सांगा. समजा ४० होती. कोणीही निवड केली नाही, सगळं निसर्गावर सोडलं, तरी त्या चाळिसात मुली १३ ते २६ यांच्यातल्या कितीही असू शकतात. १३ असल्या तर गुणोत्तर ४८१, आणि २६ असल्या तर १८५७. १३०० म्हणजे साधारण २३ मुली आणि १७ मुलगे, तीन मुलींचा इकडचा तिकडचा फरक. मुलं ४०,००० असतील तर हाच पट्टा ९३३ ते ९७२ इतका अरुंद होतो, आणि तिथे ८०७ दिसलं तर तो योगायोग नसतो. गावाला ना सत्कार करता येतो, ना बोल लावता येतो. निदान तालुका तरी घ्या, किंवा गावाची दहा-पंधरा वर्षांच्या जन्मनोंदीची बेरीज करा.

सिंदफणा

जन्मनोंदीचं रजिस्टर ग्रामसेवकांकडे मागतो. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात, त्यांची नोंद गावात होते का?

मंजिरी_ल

जन्म जिथे झाला तिथे नोंद होते. म्हणून गावाच्या रजिस्टरात फक्त घरची बाळंतपणं सापडतील आणि दवाखान्याच्या गावात पन्नास गावांची. आईचा राहता पत्ता बघून गाळावं लागेल. नाहीतर आशाताईंची वही बघा, ती घराप्रमाणे असते.

गणपुले_सर

मूळ प्रश्नाकडे या. साक्षरता वाढली की लिंग गुणोत्तर आपोआप सुधारतं, हे पाठ्यपुस्तकी वाक्य तक्त्याखाली घालावं.

दर्शना_पी

सर, शेवरींच्या तक्त्यातच ते वाक्य पडतं. मुंबई शहर ८९.२१ आणि ८३२, गडचिरोली ७४.३६ आणि ९८२. नंदुरबार घ्या, राज्यात सर्वात कमी साक्षरता, ६४.३८, आणि लिंग गुणोत्तर ९७८. यावरून उलटं विधानही करू नये, कारण मुंबईचं ८३२ स्थलांतराचं आहे. पण लहान मुलांतही नंदुरबार राज्याच्या ८९४ च्या वरच आहे. आदिवासी समाजात मुलगी नकोशी नसते आणि सोनोग्राफीची यंत्रंही तिथे कमी पोचली होती. यातलं कशाचं किती, हे या तीन आकड्यांतून निघत नाही.

गणपुले_सर

शिकलेल्या आईच्या बाबतीत फरक पडतो, यावर मी ठाम आहे. जिल्ह्यांच्या सरासरीत तो दिसत नाही इतकंच.

दर्शना_पी

असेलही. पण मग ते घरागणिक माहितीतून दाखवायला हवं, जिल्ह्यांच्या तक्त्यातून नाही.

शेवरी_७

सर्वांचे आभार. तक्ता असा बदलतोय. एकूण लिंग गुणोत्तराच्या शेजारी शून्य ते सहाचा रकाना, दोन्ही अंतिम आकड्यांतून. साक्षरतेत स्त्री आणि पुरुष वेगळे, आणि खाली १५ ते २४ ची वेगळी ओळ. घनतेखाली क्षेत्रफळ आणि लोकसंख्या दोन्ही लिहीन, म्हणजे मुलांना भागाकार करून बघता येईल. क्रमांकांचं काय करू? वाचनालयाच्या समितीला पहिला-दुसरा हवाच आहे.

नकाशावाला

साक्षरतेला द्या, बाल गुणोत्तराला द्या. घनतेला देऊ नका. जास्त घनता चांगली की वाईट? गडचिरोली शेवटचा की पहिला? तिन्हींची बेरीज करून एक गुण काढलात तर मुंबईची १९,६५२ बाकी दोघांना गिळून टाकेल.

गणपुले_सर

प्रत्येक निकष शून्य ते एकमध्ये बसवून घेतला तर गिळणार नाही. किमान वजा करायचा, कमाल वजा किमानने भागायचं.

नकाशावाला

गणित बरोबर आहे सर, पण घनतेची कुठली बाजू एक धरणार, हा प्रश्न तसाच राहतो. आणि बाल गुणोत्तर ९५० च्या पुढे गेलं की जास्त म्हणजे चांगलं असंही राहत नाही.

गणपुले_सर

घनता वगळून दोन निकषांचा काढा मग. समितीला एक आकडा मिळेल.

दर्शना_पी

माझं मत विरुद्ध. दोन रकान्यांना दोन वेगळे क्रमांक द्या, समितीला सांगा की बेरजेत कुठला जिल्हा कशात मागे आहे ते झाकलं जातं.

शेवरी_७

समितीची बैठक रविवारी आहे, दोन्ही प्रकारे करून नेतो. `C-8` मध्ये १५ ते २४ ची ओळ थेट मिळत नाहीये, वयं सुटी सुटी दिसतात. बेरीज करायची ना?

दर्शना_पी

हो. १५ ते १९ वयं सुटी असतील, २० ते २४ चा गट असेल. साक्षरांची बेरीज वेगळी, एकूण माणसांची वेगळी, मग एकदाच भागा. आणि वय न सांगितलेल्यांची एक ओळ सर्वात खाली असते, ती यात मिळवू नका.